धागा: बीएस-३ ते बीएस-६ : नॉक्स आणि काजळीची मर्यादा टप्प्याटप्प्याने आवळताना ट्रकमध्ये नेमके काय बदलले?

सावदेकर केळीवाहतूक

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन ट्रक आहेत. एक २०१४ चा, बीएस-३ आणि दुसरा २०२१ चा, बीएस-६. दोन्ही सावद्याहून केळी वाहतात, नवी गाडी बऱ्हाणपूर, इंदूरमार्गे दिल्लीला जाते. जुन्या गाडीने डिझेल आणि ऑइल यांखेरीज कधी काही मागितले नाही. नव्या गाडीला डिझेलबरोबर युरियाचे पाणी लागते, तिच्या सायलेन्सरच्या जागी पेटीएवढे धूड आहे आणि गेल्या महिन्यापासून डॅशबोर्डवर पिवळी बत्ती लागून गाडी चढावर ओढेनाशी होते. गावातल्या मेकॅनिकने स्कॅनर लावून बत्ती दोनदा घालवली, पण ती परत आली. आता तो म्हणतो की युरियाची यंत्रणाच बंद करून टाकू, त्यासाठी एक छोटी डबी मिळते.

हे करण्यापूर्वी मला मूळ गोष्ट समजून घ्यायची आहे. मी मर्यादांचे आकडे पाहिले. बीएस-४ वरून बीएस-६ वर जाताना काजळीची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.०२ ग्रॅमवरून ०.०१ ग्रॅम, म्हणजे निम्मी झाली. नायट्रोजन ऑक्साइडची मात्र ३.५ वरून ०.४० झाली, म्हणजे जवळपास नवव्या हिश्शावर आली. डोळ्यांना दिसतो तो काळा धूर. मग न दिसणाऱ्या नॉक्सवर एवढा घाव का घातला?

नशिराबाद गॅरेज

भाऊ, मी २२ वर्षे डिझेल इंजिनच उघडतो आहे. नॉक्स कमी करायला ईजीआर पुरेसा असतो. जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडायचा, आतली आग थंडावते आणि नॉक्स खाली येतो. बीएस-४ च्या अनेक गाड्यांत एवढ्यावरच काम भागत होते. त्यापुढचे सारे कंपन्यांनी किंमत वाढवण्यासाठी लावले आहे असे माझे मत आहे. गाडी काळा धूर सोडत नसेल आणि पीयूसीत पास होत असेल, तर ती स्वच्छ आहे असेच मी गिऱ्हाइकाला सांगतो.

गिरणाकाठ

मी मूळची चाळीसगावची. पुण्यात इंजिन चाचणीच्या कामात ११ वर्षे काढली आहेत. गॅरेजवाल्या दादांचे ईजीआरबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे आणि सावदेकरांच्या प्रश्नाचे उत्तर उरलेल्या अर्ध्यात दडलेले आहे.

नॉक्स डिझेलमधून येत नाही, तो हवेतून येतो. सिलिंडरमध्ये जिथे ज्वाला सुमारे १५०० अंशांच्या वर जाते तिथे हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात आणि तापमान जसजसे वाढते तसतसा हा वेग फार झपाट्याने वाढतो. काजळीचे याच्या उलट आहे. फवाऱ्याच्या ज्या भागात डिझेल दाट असते आणि हवा कमी पडते तिथे ती तयार होते, आणि पुढे पुरेशी उष्णता व ऑक्सिजन मिळाला तर त्याच सिलिंडरमध्ये तिचा बराचसा भाग जळूनही जातो. म्हणजे आग कडक ठेवली तर काजळी कमी आणि नॉक्स जास्त. आग मंद केली तर नॉक्स कमी आणि काजळी जास्त. ईजीआर आग मंद करतो आणि ऑक्सिजनही घटवतो, त्यामुळे त्याने नॉक्स उतरवताना काजळी वाढतेच. डिझेल फवारण्याचे टायमिंग मागे घेतले तरी तेच होते आणि वर डिझेलही जास्त लागते. चाचणीच्या खोलीत आम्ही एकाच दुपारी टायमिंग दोन-दोन अंशांनी सरकवून दोन्ही आकडे कागदावर मांडायचो, तेव्हा एक रेघ खाली आली की दुसरी वर गेलेली असायची.

आता जड वाहनांच्या मर्यादा या नजरेने पाहा. २००० साली देशभर पहिला टप्पा आला तेव्हा नॉक्स ८.० आणि काजळी ०.३६ होती. बीएस-२ मध्ये त्या ७.० आणि ०.१५ झाल्या. बीएस-३ मध्ये, जो देशभर २०१० ला लागू झाला, ५.० आणि ०.१०. इथपर्यंतचे अंतर इंजिनाच्या आतच कापता आले, कारण फवाऱ्याचा दाब वाढवणे, टर्बोची हवा थंड करून देणे, नोझलची भोके बारीक करणे या उपायांनी हवा आणि डिझेल नीट मिसळले की दोन्ही रेघा मिळून खाली येतात. बीएस-४ ने, देशभर एप्रिल २०१७ पासून, नॉक्स ३.५ वर आणि काजळी एकदम ०.०२ वर आणली. इथे इंजिनवाल्यांना बाजू निवडावी लागली. काहींनी ईजीआरने नॉक्स दाबला आणि वाढलेल्या काजळीसाठी बाहेर उत्प्रेरक बसवला. काहींनी आग कडक ठेवून काजळी आतच जाळली आणि नॉक्स बाहेर युरियाने मारला. यातला दुसरा मार्ग लक्षात ठेवा, कारण त्या डबीचा खरा धोका तिथे आहे.

बीएस-६ मध्ये, एप्रिल २०२० पासून, ०.४० आणि ०.०१ हे दोन्ही आकडे एकाच इंजिनाच्या आतून मिळवणे व्यवहारात शक्य राहिले नाही. म्हणून नळीत दोन्ही यंत्रणा आल्या : काजळी अडवायला डीपीएफची जाळी आणि युरियाच्या फवाऱ्याने नॉक्स फोडायला एससीआर. ते पेटीएवढे धूड म्हणजे हेच. बीएस-५ हा टप्पा आपल्याकडे वगळला गेला, त्यामुळे उडी अधिक मोठी वाटते.

सावदेकर केळीवाहतूक

ताई, आग कडक आणि मंद हे पटले. पण काजळी फक्त निम्मीच करायची होती, तर त्यासाठी जाळीची काय गरज होती? ०.०२ पर्यंत तर जाळीशिवाय पोहोचले होते.

गिरणाकाठ

कारण बीएस-६ मध्ये काजळीचे फक्त वजन मोजत नाहीत, कणांची संख्याही मोजतात. स्थिर चाचणीत दर किलोवॅट-तासाला ८० हजार कोटी कणांची मर्यादा आहे. आकडा ऐकायला अवाढव्य वाटतो, पण जाळी नसलेले डिझेल इंजिन तो सहज ओलांडते. एखाद्या कणाचा व्यास दहाव्या हिश्शावर आला की त्याचे वजन हजाराव्या हिश्शावर येते. म्हणून फवाऱ्याचा दाब वाढवून काजळी बारीक केली तर वजनाचा काटा खाली येतो, पण छातीत सर्वांत खोल जाणारे बारीक कण तसेच राहतात. वजनाच्या मर्यादेला ही पळवाट होती. संख्येच्या मर्यादेने ती बंद केली आणि भिंतीतून धूर गाळणारी जाळी जवळजवळ सक्तीची झाली. तुम्हाला कागदावर निम्मा दिसणारा बदल प्रत्यक्षात त्याहून बराच मोठा आहे.

चाचणीही बदलली आहे. जुन्या चाचण्यांत इंजिन आधी गरम केलेले असायचे. आता बदलत्या भाराच्या चाचणीत थंड इंजिनाची सुरुवातही धरतात आणि त्या चाचणीत नॉक्सची मर्यादा ०.४६ आहे. थंड असताना एससीआर काम करत नाही, म्हणून हा भाग अवघड जातो.

चोपड्याचा शेतकरी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, २०१९ चा. त्यालाही आता हे युरियाचे पाणी लागणार का? आणि लागलेच, तर आमच्याकडे कपाशीसाठी आणलेल्या युरियाच्या गोण्या घरातच असतात. तोच पाण्यात विरघळवून टाकला तर काय बिघडते? युरिया तो युरियाच.

गिरणाकाठ

आप्पा, ट्रॅक्टरला ट्रकचे नियम लागू नाहीत. त्यांचे टप्पे निराळे आहेत आणि ते इंजिनाच्या ताकदीनुसार ठरतात. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना नवा टप्पा जानेवारी २०२३ पासून लागला. तुमचा ४५ एचपी म्हणजे साधारण ३३ किलोवॅट, तो ज्या टप्प्यात विकला गेला त्यात नॉक्स आणि हायड्रोकार्बन मिळून ७.५ आणि काजळी ०.६० अशी मर्यादा होती. विकताना जो नियम होता तोच त्याला लागू, त्यामुळे आहे त्या ट्रॅक्टरला काहीही बसवावे लागणार नाही.

मात्र गोणीतला युरिया कोणत्याही गाडीच्या टाकीत घालू नका. गाडीच्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असते. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यात बाययुरेट नावाचा घटक दीड टक्क्यापर्यंत चालतो, जो गाडीच्या द्रावणात ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. तेल आणि बाययुरेट नोझलमध्ये व नळीत चिकट थर धरतात. त्यात आपल्या विहिरीचे जड पाणी वापरले तर त्यातले क्षार उत्प्रेरकाच्या भोकांवर बसतात आणि हे नुकसान धुऊन जात नाही. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीशिवाय दुसरीकडे वापरणे हा गुन्हा आहे.

धुळे चालक

मी धुळ्याहून दोन्ही महामार्गांवर बीएस-६ गाडी चालवतो. माझा अनुभव सांगतो. शहरात तीन-चार दिवस माल भरण्या-उतरवण्यातच गेले की जाळीची बत्ती लागते. मग लळिंगचा घाट भरल्या गाडीने चढलो की वर पोहोचेपर्यंत ती विझते. त्यामुळे सावदेकर भाऊंनीही गाडी एकदा घाटात दामटावी. असा घाट चढवला तर सारे साफ होईल.

गिरणाकाठ

जाळीच्या बाबतीत तुमचे निरीक्षण अचूक आहे. चढावर नळीतला धूर ३०० अंशांच्या पुढे गेला की अडकलेली काजळी हळूहळू आपोआप जळते. ते झाले नाही तर संगणक जास्तीचे डिझेल सोडून तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि जाळी मुद्दाम जाळून काढतो. उभ्या गाडीत बटण दाबून हे करणाऱ्यांनी गाडीखाली वाळलेला केळीचा पाला किंवा कडबा नाही ना, हे आधी वाकून पाहावे, कारण त्या वेळी नळी आग लावण्याइतकी तापते.

पण सावदेकरांची गाडी चढावर ओढत नाही आणि बत्ती पिवळी आहे, त्यावरून मला संशय जाळीचा नसून युरियाचा येतो. सावदेकर, तुम्ही हिशेबाची वही ठेवत असालच. दिल्लीच्या एका फेरीला जाताना डिझेल किती आणि युरियाचे द्रावण किती, हे गेल्या पाच-सहा फेऱ्यांचे सांगाल का?

सावदेकर केळीवाहतूक

वही समोर घेऊनच लिहितो आहे. जातानाचे अंतर साधारण ११०० किलोमीटर, भरल्या गाडीला लिटरला चार किलोमीटर, म्हणजे सुमारे २७५ लिटर डिझेल. द्रावण आधीच्या फेऱ्यांना १२ ते १३ लिटर लागत होते. शेवटच्या तीन फेऱ्यांत ते ५, ४ आणि ४ लिटर आहे. आम्हाला वाटले की चालक जपून चालवतो आहे, म्हणून कमी लागत असेल.

गिरणाकाठ

हाच तुमचा पुरावा आहे. थोडे गणित करू.

एक लिटर डिझेलमधून असे इंजिन ढोबळमानाने ४ किलोवॅट-तास काम काढते. २७५ लिटरमध्ये ११०० किलोवॅट-तास झाले. आता मर्यादा या कामाने गुणा. २००० सालच्या मर्यादेवर चालणाऱ्या ट्रकला एका फेरीत ८.८ किलो नॉक्स सोडण्याची मुभा होती. तुमच्या जुन्या बीएस-३ ला ५.५ किलो, बीएस-४ ला ३.८५ किलो आणि बीएस-६ ला ४४० ग्रॅम आहे. काजळी त्याच क्रमाने ३९६, ११०, २२ आणि ११ ग्रॅम. हे प्रयोगशाळेतल्या मर्यादेचे आकडे आहेत, रस्त्यावर ते हलतात; पण टप्प्यांमधले अंतर कळायला पुरेसे आहेत.

आता उलटे चला. पाच किलो नॉक्स फोडायला सुमारे सव्वातीन किलो शुद्ध युरिया लागतो, म्हणजे ३२.५ टक्क्यांचे द्रावण १० किलो, मापाने ९ लिटरच्या जरा वर. तुमची गाडी १२ ते १३ लिटर घेत होती. याचा अर्थ तिच्या इंजिनातून साडेसहा-सात किलो नॉक्स बाहेर पडत होता आणि एससीआर तो फोडत होता. म्हणजे तुमचे इंजिन कडक आगीच्या मार्गाने बांधलेले आहे. मायलेज चांगले मिळावे आणि काजळी कमी व्हावी म्हणून त्याला आत जास्त नॉक्स करू दिला आहे, तो पुढे नळीत संपेल या भरवशावर.

चार लिटर द्रावणात जेमतेम सव्वादोन किलो नॉक्स फुटतो. उरलेला चार किलोच्या पुढचा बाहेर जातो आहे. ती डबी बसवली तर फवारा पूर्ण थांबेल आणि टाकी भरलेली आहे, सर्व काही ठीक आहे, असे संगणकाला खोटे सांगितले जाईल. तेव्हा तुमचा २०२१ चा ट्रक तुमच्याच २०१४ च्या ट्रकपेक्षा जास्त नॉक्स सोडेल आणि जाळी शाबूत असल्याने नळीतून धुराची रेघही दिसणार नाही.

गॅरेजवाल्या दादांना एवढेच सांगायचे आहे की डिझेल गाडीच्या पीयूसीत एक्सलरेटर दाबून धुराचा काळेपणा पाहतात, नॉक्स मोजतच नाहीत. पास झालेली गाडी काळी नाही एवढेच त्यावरून कळते.

नशिराबाद गॅरेज

ताई, हा हिशेब मला आजवर कोणी मांडून दाखवला नव्हता. डबी बसवलेल्या चार-पाच गाड्या माझ्याकडे ऑइल बदलायला येतात आणि त्यांच्या नळीत बोट फिरवले तरी काळे लागत नाही, म्हणून मी त्या स्वच्छच समजत होतो. यापुढे मी स्वतः ती डबी बसवणार नाही. पण माझीही एक अडचण ऐका. नॉक्सचा सेन्सर बाद झाला की नव्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक हादरते, अधिकृत वर्कशॉप लांब आहे आणि केळी तर तीन दिवसांत पोहोचायलाच हवी. मर्यादा आवळणाऱ्यांनी रस्त्यावरच्या दुरुस्तीचा विचार कुठे केला आहे?

गिरणाकाठ

ही तक्रार खरी आहे आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना रस्त्यावर चालवून उत्सर्जन तपासण्याचा नियम आला, त्यामुळे चाचणीपुरती स्वच्छ गाडी बनवणे अवघड झाले. पण ती मोजणी कंपनीच्या नव्या किंवा बऱ्या स्थितीतल्या गाड्यांची असते. सात-आठ वर्षे चाललेल्या, तीन हात बदललेल्या ट्रकचा नॉक्स कोण आणि कसा मोजणार, याची सोय पीयूसी केंद्रावर आजही नाही.

सावदेकर केळीवाहतूक

आठवड्यानंतर लिहितो आहे. जळगावला वर्कशॉपमध्ये नेऊन नोझल काढायला लावले. टोकावर आणि त्यापुढच्या नळीच्या वळणात मिठासारखा पांढरा, टणक खडा धरला होता, बोटाच्या पेराएवढा. फवाऱ्याच्या चार भोकांपैकी एकच अर्धवट उघडे होते. कोमट पाण्यात भिजवून ते साफ केले आणि नळीतला खडा काढला. त्यानंतरच्या पहिल्या फेरीत १२ लिटर द्रावण गेले आणि बत्ती लागली नाही.

आता कारणाबद्दल विचारतो. केळीच्या हंगामात आमची गाडी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर सरकत पाच-पाच तास मंद चालू असते आणि चालक इंजिन बंद करत नाही. दुसरे असे की मार्चपासून आम्ही पॅकबंद डबे सोडून सुटे द्रावण घ्यायला लागलो होतो, लिटरमागे स्वस्त पडते म्हणून. यातले नेमके कशाने झाले?

गिरणाकाठ

दोन्ही कारणे शक्य आहेत. नळी २०० अंशांच्या खाली असली की युरियाचा अमोनिया नीट होत नाही आणि पांढरा थर बसतो. म्हणून संगणक थंड नळीत फवारा थांबवतो, पण मंद चालण्यात तापमान त्या रेषेच्या वर-खाली होत राहिले तर थोडे थोडे साचतेच. दुसरीकडे सुट्या द्रावणात बाययुरेट जास्त असेल तर गरम नळीतही खडा धरतो. रिफ्रॅक्टोमीटरने ३२.५ टक्के आहे की नाही हे कळेल, पण आत काय मिसळले आहे ते कळणार नाही. काढलेला खडा टाकून दिला नसेल तर जपून ठेवा, आणि सुटे द्रावण अर्धा लिटर स्वच्छ बाटलीत वेगळे भरून ठेवा. पुढच्या दोन महिन्यांत एका वेळी एकच गोष्ट बदला : आधी पॅकबंद द्रावण घ्या आणि गाडी आहे तशीच चालवा. वहीत द्रावणाचा आकडा डिझेलच्या साधारण चार टक्क्यांवर टिकला तर संशय सुट्या द्रावणावर जाईल. तो पुन्हा तीन टक्क्यांच्या खाली घसरू लागला, तर शेतावर इंजिन बंद ठेवायला सांगावे लागेल.

धुळे चालक

भाऊ, शेतावर इंजिन बंद ठेवायला चालकाला सांगाल तेव्हा बॅटरीही एकदा तपासून घ्या. आम्ही पुष्कळदा गाडी चालू ठेवतो ती आळसाने नाही. पाच वेळा बंद-चालू केल्यावर सहाव्या वेळी सेल्फ फिरला नाही, तर भरलेली गाडी शेतातच अडकते.

सावदेकर केळीवाहतूक

बॅटरी तीन वर्षांची आहे, उद्याच पाहतो. खडा कागदाच्या पुडीत जपून ठेवला आहे. जून अखेरीस वहीतले आकडे इथे टाकेन.